चकलीचा शेजार

भेटवस्तूवर गुंडाळायच्या कागदाइतकी निःस्वार्थी छपाई दुसरी नसेल. त्यावर घेतलेली मेहनत घेणाऱ्याच्या हातात पडते आणि घेणारा पहिलं काम करतो ते म्हणजे ती टराटरा फाडतो. अपवाद आमच्या आईच्या पिढीचा. ती पिढी चिकटपट्टी नखाने अलगद उचकटायची, कागद गादीखाली सरळ करायची आणि पुढे तो फडताळात अंथरायची. हा फडताळातला कागद म्हणजे चितारणाऱ्याची खरी परीक्षा. डब्यांच्या मधून तो वर्षभर रोज दिसतो आणि एक दिवस चहासाखरेचा डबा काढताना ध्यानात येतं की डावीकडचं ते वाकडं फूल उजवीकडेही तितकंच वाकडं आहे. मग त्या फडताळात फूल दिसायचं बंद होतं, नुसता वाकडेपणा दिसत राहतो.

एवढा मोठा कागद कोणी अख्खा चितारत बसत नाही. एक चौकोन काढायचा आणि तोच शेजारी शेजारी, खाली वर मांडत जायचं. या चौकोनाला छपाईच्या धंद्यात ‘रिपीट’ म्हणतात. अट एकच, दोन चौकोनांमधला सांधा दिसता कामा नये. म्हणजे चौकोनाच्या उजव्या कडेने अर्धी कापली गेलेली करंजी डाव्या कडेतून तंतोतंत तिथेच बाहेर आली पाहिजे. चाळीतल्या खोलीला निदान शेजारी वेगळा असतो. इथे उजवी भिंत ठोकली की आवाज आपल्याच डाव्या भिंतीतून येतो. वरच्या मजल्यावर आपण, खालच्या मजल्यावरही आपणच. भांडायला दुसरं कोणी नाही.

करंजीचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. आमच्या शेजारच्या वहिनी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांना खोक्यांवर गुंडाळायला स्वतःचा कागद हवा होता, वीस बाय तीस इंची, आणि त्यावर हवा होता फराळच. मी पाच इंचांचा चौकोन घ्यायचं ठरवलं. रुंदीत चार, उंचीत सहा, म्हणजे एका कागदावर चोवीस. एक चकली काढली की चोवीस चकल्या तयार. हा हिशेब ऐकून वहिनींनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, त्यात सोऱ्या दाबून दुखणाऱ्या दंडांची सगळी वेदना होती. मग त्यांनी यादी सांगितली, चकली, करंजी, बेसनाचा लाडू, शंकरपाळे, अनारसे. मी निघालो तर जिन्यातून हाक आली, “अहो भाऊजी, चिवडा राहिला!”

चिवड्याचं काय करायचं हे नंतर पाहू. आधी चौकोन.

संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली रीत कात्रीची आहे आणि ती एकदा तरी हाताने करून पाहावी, कारण नंतर संगणक जे करतो ते का करतो हे तेव्हाच कळतं. पाच इंचांचा चौकोनी कागद घ्यायचा आणि मधोमध चित्र काढायचं. एक मोठी चकली, तिला टेकून करंजी, खाली लाडू. कडेला हात लावायचा नाही, चारी बाजूंना जागा कोरी सोडायची. मग काळीज घट्ट करून तो कागद उभा, बरोब्बर मधोमध कापायचा, चकलीच्या पोटातून गेला तरी चालेल. डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे ठेवायचा आणि मागून चिकटपट्टी लावायची. आता चकलीचा अर्धा भाग उजव्या कडेला लोंबतोय, अर्धा डाव्या कडेला. चित्र पार बिघडल्यासारखं दिसतं. पण या दोन कडा म्हणजे कात्रीच्या एकाच कापाच्या दोन बाजू आहेत. त्या एकमेकींना जुळणारच, त्यांना जुळवायचं काही कामच उरलेलं नाही. आणि ज्या जुन्या कडांची आपल्याला धास्ती होती, त्या आता कागदाच्या मधोमध एकमेकींना चिकटून बसल्या आहेत, कोऱ्या आणि निरुपद्रवी. त्या जागेत हवं ते काढा. कडेची अडचण सोडवायची नाही, ती मध्यावर आणून तिथे चित्र काढायचं, एवढंच या युक्तीचं सार.

यानंतर आडवा काप घ्यायचा, वरचा तुकडा खाली, खालचा वर, पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा मधली मोकळी जागा भरायची. पुष्कळजण घाईने दोन्ही काप एकदमच घेतात. कागदाचे चार तुकडे होतात, कोपरे मध्याला येतात, मधोमध अधिकचिन्हासारखी कोरी जागा मिळते आणि माणूस खूश होऊन ती भरायला बसतो. पण त्या चिन्हाचे चारही हात पुन्हा कडांनाच जाऊन भिडतात. म्हणजे चारी कडांच्या मधोमध एकेक मोकळी जागा राहते आणि तिथे काढायला जावं तर कड आडवी येते. कागद जुळवून पाहिला की अशा जागी ठिकठिकाणी टकलं पडलेली दिसतात. एक काप, मग चित्र, मग दुसरा काप, मग चित्र, शेवटी पुन्हा एकदा उभा काप, मग चित्र, असं सबुरीने गेलं की प्रत्येक जागा केव्हा ना केव्हा मध्यावर येते.

संगणकावर कात्री आणि चिकटपट्टी दोन्ही वाचतात. तीनशे ठिपके दर इंचाला धरले तर पाच इंचांचे दीड हजार ठिपके होतात आणि अर्धं सरकवायचं म्हणजे साडेसातशे. फोटोशॉपमध्ये Filter > Other > Offset इथे जाऊन आडव्या रकान्यात 750 भरायचे, उभ्यात शून्य ठेवायचं आणि खाली Wrap Around निवडायचं. म्हणजे उजवीकडून बाहेर पडलेलं चित्र डावीकडून आत येतं. तो भाग भरून झाला की आडव्यात शून्य आणि उभ्यात 750, आणि शेवटी पुन्हा आडव्यात 750 आणि उभ्यात शून्य. चौकोनाची बाजू सम संख्येची ठेवावी हे इथे उमगतं. दीड हजार एक ठिपक्यांचा अर्धा काढायला गेलात तर एका ठिपक्याचे दोन तुकडे करावे लागतील आणि ठिपका काही अनारशासारखा मोडत नाही.

सांधा जुळला की नाही हे तपासताना आणखी एक काळजी घ्यावी. अर्धं सरकवलेलं चित्र पुन्हा अर्धं सरकवलं की ते मूळ जागी येतं, आणि आपण समाधानाने जे पाहतो ते आधी पाहिलेलंच असतं. म्हणून तपासताना आकडा भलताच घ्यावा, समजा 400 आणि 350. मग सांधा अशा जागी येतो जिथे डोळ्याला त्याची सवय झालेली नसते. तिथे केसाएवढी पांढरी रेघ दिसली तर तिची कारणं बहुधा ठरलेली असतात. एक तर पार्श्वभूमीचा रंग ठिपक्याच्या अर्ध्यात संपलेला असतो आणि कडेचे ठिपके अर्धपारदर्शक झालेले असतात. किंवा चौकोन जेपीजी करून ठेवलेला असतो. तो प्रकार जागा वाचवायला चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे गठ्ठे करून आतले बारकावे ढोबळ करतो, आणि त्यात कडेचा रंग किंचित हलतो. पीएनजी किंवा टिफ ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

पण सगळ्यात लबाड सांधा रेघेचा नसतो, उजेडाचा असतो. फराळाच्या मागे मला कागदावर जलरंगाने दिलेला फिकट पिवळा हात हवा होता. हाताने दिलेला रंग कधीच सारखा नसतो, एका बाजूला तो अंमळ दाट होतो. एका चौकोनात ते शोभतं, त्याला आपण हाताची जादू म्हणतो. चोवीस चौकोन मांडले की त्या जादूचे उभे पट्टे होतात, दर पाच इंचांवर एक. चित्र जुळलेलं असतं, करंज्या अखंड असतात, तरी सांधा लांबूनही ओळखू येतो. याला इलाज म्हणजे पदार्थ तेवढे कापून उचलायचे आणि खाली एकसारखा सपाट रंग घालायचा. रंगाचे ढग हवेच असतील तर तेही लहान लहान करून सगळीकडे विखुरायचे, एका बाजूला झुकू द्यायचे नाहीत.

इथपर्यंतचं काम नियमांचं आहे. नियम पाळले की सांधा जातो. उरते ती पुनरावृत्ती, आणि ती लपवायला कुठलंही बटण नाही.

चौकोन नऊ वेळा, तीन बाय तीन मांडून दहा पावलं मागे जावं आणि डोळे बारीक करून पाहावं. डोळे बारीक केले की चकली चकली राहत नाही, तिचा एक गडद डाग होतो, आणि डाग रांगा करतात. आमच्या चौकोनात एक चकली फार सुरेख उतरली होती. काटे नीट, वेढे घट्ट, टोक अगदी असं सुटलेलं की आता कुरकुरेल. एकट्या चौकोनात ती पाहून वहिनी म्हणाल्या, “ही बघा, ही माझी चकली!” नऊ चौकोनांत मात्र तीच तेवढी दिसत होती. नऊ टोकं एकाच बाजूला सुटलेली, बाकीचा फराळ नुसता तिची वाट अडवून उभा. रिपीटमध्ये जे जे खास, ते ते डोळ्याला खिळा होऊन बसतं. सगळ्यात गडद, सगळ्यात मोठं, सगळ्यात सुंदर, यातलं काहीही एकटं असून चालत नाही. तेव्हा त्या चकलीचे काटे थोडे बोथट केले, रंग एक छटा उतरवला आणि तिच्याच तोलाची दुसरी चकली, टोक उलट्या अंगाला करून, चौकोनात तिरपी समोर बसवली. वहिनींना हे पटलं नाही. त्यांच्या मते चांगल्या चकलीला वाईट करणं हा कुठल्याच धंद्यात शहाणपणा नव्हे, आणि फराळाच्या धंद्यापुरतं ते खरंच आहे.

वस्तूंइतकीच भानगड रिकाम्या जागांची असते. चित्र काढताना आपण पदार्थ पाहतो आणि त्यांच्यामधल्या जागा आपोआप झाल्या असं समजतो. चौकोन मांडले की त्या जागा एकमेकींना हात देतात आणि फराळातून थेट आरपार गल्ली निघते. ती एकदा दिसली की कागदावर दुसरं काही दिसत नाही. गल्ली बुजवायला लहान ऐवज लागतो, ज्याची दिशा नाही, ज्याला मान नाही आणि जो कुठेही पडला तरी चालतो. शंकरपाळे यासाठीच जन्माला आले असावेत. दोन करंज्यांच्या मध्ये एक, लाडवाच्या कुशीत दोन. आणि जिन्यातून सुटलेला तो चिवडाही इथेच कामी आला. चिवड्याचं एकसंध चित्र काढता येत नाही, वाटी काढली तर ती वाटीच दिसते. पण चिवडा विस्कटला की एक शेंगदाणा, एक कढीपत्त्याचं पान, खोबऱ्याचा एक काप, एवढ्यावर अख्खा कागद भरतो. वहिनींच्या यादीतला विसरलेला पदार्थ शेवटी सगळ्यात जास्त जागी जाऊन बसला. तरी रांगा पुरत्या मोडल्या नव्हत्या. सरळ मांडणीत प्रत्येक चकलीच्या बरोब्बर पाच इंच उजवीकडे तीच चकली येते, आणि डोळा आडवी रेष फार चटकन पकडतो. म्हणून हाफ ड्रॉप केला. म्हणजे दुसरा उभा पट्टा अर्ध्या उंचीने, अडीच इंच खाली सरकवायचा, तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. आता त्याच ओळीत तीच चकली भेटायला दहा इंच जावं लागतं, आणि वहिनींच्या खोक्याची बाजू आहे आठ इंचांची. छापखान्याला देताना मात्र हा तिरपेपणा सरळ करून द्यावा लागतो: दोन पट्टे शेजारी धरून दहा बाय पाच इंचांचा एक आयत, तीन हजार बाय दीड हजार ठिपक्यांचा, तो नेहमीसारखा सरळ मांडला की हाफ ड्रॉप आपोआप होतो. हाफ ड्रॉपने आडव्या रांगा जातात आणि तिरप्या येतात, हेही सांगून ठेवावं. तिरपी रांग डोळ्याला कमी खुपते, एवढाच काय तो नफा.

गणितज्ञांना या सगळ्या धडपडीचं हसू येत असेल. सपाट पृष्ठभागावर नक्षी दोन दिशांना पुन्हा पुन्हा मांडण्याचे सममितीचे प्रकार फक्त 17 आहेत, हे रशियाच्या फ्योदोरोव्हने 1891 मध्येच सिद्ध करून ठेवलं आहे. त्याच्या यादीत आमची सरळ मांडणी आणि आमचा हाफ ड्रॉप दोन्ही एकाच खान्यात पडतात, सगळ्यात साध्या, जिथे आरसा नाही, फिरवणं नाही, नुसतं सरकवणं आहे. जाळी सरळ की तिरकी, याच्याशी त्या हिशेबाला देणंघेणं नाही. पण कागद घेणारी माणसं डोळ्यांनी घेतात.

पुनरावृत्ती लपवायचीच असं तरी कुठे आहे? विल्यम मॉरिसचं 1883 मधलं ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे कापड पाहावं. त्याच्या केल्मस्कॉटच्या घरी बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या पक्षी पळवायचे, त्यांनाच त्याने कापडावर बसवलं. पक्षी समोरासमोर जोडीने, आरशात पाहिल्यासारखे, आणि खाली वर पुन्हा तेच. तो काही लपवत नाही. पक्ष्यांची रांग हाच त्याने नक्षीचा सांगाडा केला आहे आणि पानाफुलांची वेल तिच्याभोवती इतकी गच्च गुंफली आहे की एक चौकोन कुठे संपतो हे शोधायला गेलेला डोळा वेलीत हरवतो. पुनरावृत्ती चोरून आली तर खुपते, उघड आली तर शोभते. पैठणीच्या काठावरच्या मोरांना एकसारखे असल्याबद्दल कोणी नावं ठेवलेली ऐकिवात नाही.

उघड करायची एक गोष्ट वहिनींच्याही मनात होती, ती म्हणजे त्यांचं नाव. फराळामधून त्यांच्या घरगुती उद्योगाचं नाव चौकोनाचौकोनात यावं अशी इच्छा. इथे कागदाची आणि अक्षरांची गाठ पडते. खोकं गुंडाळताना कागद चारी बाजूंना वळतो. वरच्या झाकणावर सरळ असलेलं चित्र एका बाजूला उताणं पडतं आणि दुसरीला डोक्यावर उभं राहतं. म्हणूनच लाडू, अनारसे, शंकरपाळे सगळ्या अंगांनी विखुरले होते, कागद कसाही धरा, काही ना काही सरळ दिसतंच. करंज्याही मुद्दाम चार दिशांना वळवल्या होत्या, नाहीतर सगळ्या एकाच बाजूला कललेल्या करंज्यांनी कागदाला उगाच वारा लागतो. अक्षरांना ही सोय नाही. नाव एकदा आलं की कागदाला वर आणि खाली ठरतं, आणि निम्म्या बाजूंवर वहिनी उलट्या छापल्या जातात. “मग नाव चिकटवू या वरून,” त्या म्हणाल्या. स्टिकर. प्रश्न सुटला, आणि माझ्या चार ओळींच्या व्याख्यानाची गरज उरली नाही.

कागद छापून आला, खोकी गेली. मग वहिनींना त्याच नक्षीचं कापड हवं झालं, मुलींच्या एप्रनसाठी. थोडं कापड असेल तर डिजिटल छपाई होते आणि तिथे कुठलाही चौकोन चालतो. पण थानच्या थान छापायचं तर गोल जाळीच्या यंत्रावर जावं लागतं. जाळीचा तो पोकळ रूळ कापडावरून फिरत जातो, आणि त्याचा घेर बहुधा 64 सेंटीमीटर असतो. एका फेरीत चौकोन पूर्ण संख्येने बसले पाहिजेत. आमचे पाच इंच म्हणजे 12.7 सेंटीमीटर. असे पाच चौकोन होतात साडेत्रेसष्ट सेंटीमीटरचे आणि अर्धा सेंटीमीटर उरतो. हा अर्धा सेंटीमीटर कुठे जाणार? रुळाच्या दर फेरीला, 64 सेंटीमीटरवर, कापडभर एक चिंचोळी पट्टी उमटणार, अर्ध्या कापलेल्या लाडवांची. तेव्हा चौकोन टक्क्याहूनही कमी वाढवून 12.8 चा करायचा, पाच चौकोन बरोब्बर बसतात आणि करंजी केसभर जाड होते. फराळाच्या बाबतीत त्याला कोणाचीच हरकत नसते.

आता वहिनींचं मन गणपतीकडे वळलं आहे. “भाऊजी, तसाच कागद, पण मोदकांचा.” मोदकाला एकच शेंडी, ती वरच असायला हवी; आडवा मोदक हा मोदक नव्हे, हे कुठलीही सुगरण सांगेल. लाडवासारखा तो लोळणार नाही आणि शंकरपाळ्यासारखा कोपऱ्यात गप्प बसणार नाही. चौकोन मी आखून ठेवला आहे, पाच इंचांचाच. मोदक शेंडी वर करून मांडायचे तर खोक्याच्या खालच्या बाजूला ते शीर्षासन करणार, आणि तसं चालेल का हे विचारायला मी जिना चढून जाणार आहे. उत्तर काय येईल याचा अंदाज आहे म्हणून दुर्वांच्या जुड्या आधीच काढून ठेवल्या आहेत. त्यांना कसंही पडायला चालतं.